मावशीच्या पत्रातल्या सात अडचणी

गेल्या वर्षीची गोष्ट. सप्टेंबरमधला शनिवार, सकाळचे साडेनऊ, हातात चहा, आणि फोनवर बंगळूरहून वहिनीचा मेसेज. मेसेज म्हणजे एका पत्राचा फोटो. निळ्या शाईत, आखीव वहीच्या पानावर, मावशीच्या तिरक्या अक्षरात. खाली वहिनीची इंग्रजी ओळ : "तुझा दादा मला फक्त समरी सांगतो. पत्र मला लिहिलंय, मला पूर्ण वाचायचंय. भाषांतर करून देशील?"

थोडी पार्श्वभूमी. वहिनी त्रिशूरची. मावशीचं आणि तिचं बोलणं फोनवर मोडक्यातोडक्या हिंदीत चालतं, म्हणजे "खाना खाया?" आणि "तब्येत कैसी है?" याच्या पुढे फारसं जात नाही. वहिनीला तेव्हा सातवा महिना होता. बाळंतपणाला मावशी सांगलीहून येणार, वहिनीची आईही त्रिशूरहून येणार, आणि घर टू बीएचके. अशा वेळी मनातलं काही नीट सांगायचं तर हिंदीत जमेना म्हणून मावशीने सरळ मराठीत पत्र लिहिलं. दादाने ते वाचून "काही नाही, पुढच्या महिन्यात येतेय" एवढं सांगितलं आणि तो एअरपोर्टला गेला.

पत्रातला मुख्य भाग असा होता (मावशीला विचारून देतोय) :

"या महिन्यात जरा अडचण आहे, पुढच्या महिन्यात नक्की येते. तिकिटाची अडचण नाही, ते मी काढीन. मला हॉलमध्ये झोपायला काही अडचण नाही. माझी अडचण होणार नाही, एवढं मी बघेन. तुझ्या आई येणार आहेत असं कळलं, फार बरं वाटलं. त्यांची अडचण होऊ नये. गौरींच्या वेळी थोरलीला अडचण आली, त्यामुळे नैवेद्याचं सगळं माझ्यावरच आलं, म्हणून पत्राला उशीर झाला. तुला काही अडचण असली तर मोकळेपणाने सांग."

साधं, सरळ पत्र. मी चहा संपायच्या आत भाषांतर करून पाठवलं. दिवसभर इंग्रजीतच ईमेल पाडणारा माणूस मी, दहा ओळींचं काय एवढं!

दहा मिनिटांत वहिनीचा फोन आला. आवाज उतरलेला. "मावशी चिडल्यात का माझ्यावर?"

मी उडालोच. मग माझंच भाषांतर पुन्हा वाचलं. मी काय केलं होतं, तर 'अडचण' दिसली की 'प्रॉब्लेम' लिहिलं होतं. फाइंड अँड रिप्लेस. त्यातून जे तयार झालं ते असं : धिस मंथ देअर इज सम प्रॉब्लेम. आय हॅव नो प्रॉब्लेम स्लीपिंग इन द हॉल. आय विल सी दॅट आय डोंट हॅव एनी प्रॉब्लेम. देअर शुड बी नो प्रॉब्लेम विथ युअर मदर. माय एल्डर डॉटर-इन-लॉ हॅड अ प्रॉब्लेम, सो एव्हरीथिंग फेल ऑन मी. इफ यू हॅव एनी प्रॉब्लेम, टेल मी ओपनली.

आता हे तुम्ही सातव्या महिन्यातली, परक्या भाषेच्या घरात आलेली सून म्हणून वाचून बघा. ही बाई स्वतःची सोय आधी बघणार, माझ्या आईशी भांडणार, मोठ्या सुनेबद्दल तक्रार करतेय, आणि शेवटी 'काय प्रॉब्लेम असेल तो तोंडावर बोल' असा दम देतेय! मावशीच्या मनात यातलं एक अक्षर नव्हतं. तिच्या पत्रातला प्रत्येक शब्द मी 'बरोबर' भाषांतरित केला होता, आणि पत्र उलटं झालं होतं.

मग तो अख्खा वीकेंड मी या एका शब्दावर घालवला. त्यातून जे हाती लागलं ते लिहितोय.

चूक मुळात कुठे झाली?

पहिल्यांदा मला वाटलं, घाईमुळे. पण कारण वेगळं आहे. आपल्या, म्हणजे पुण्या-मुंबईतल्या ऑफिसात जाणाऱ्या लोकांच्या मराठीत 'प्रॉब्लेम' हा शब्द पुरता मराठी झालाय, आणि त्याने 'अडचण'ची सगळी कामं अंगावर घेतली आहेत. "उद्या जरा प्रॉब्लेम आहे", "पैशाचा प्रॉब्लेम आहे", "तुला काही प्रॉब्लेम नाही ना?", इतकंच काय, मुली पाळीलासुद्धा "प्रॉब्लेम आलाय" म्हणतात. त्यामुळे आपल्या डोक्यात समीकरण पक्कं बसलेलं असतं : अडचण म्हणजे प्रॉब्लेम. यात गंमत अशी की हे समीकरण मराठीतल्या 'प्रॉब्लेम'बद्दल खरं आहे. इंग्रजीतल्या 'प्रॉब्लेम'ला मात्र या बदलीची काहीच कल्पना नाही. मी मावशीची मराठी माझ्या मराठीत आणली आणि समजलो की इंग्रजीत आणली.

दुसरा फरक जास्त महत्त्वाचा आहे. मराठीत "जरा अडचण आहे" हे वाक्य प्रश्न बंद करण्यासाठी असतं. समोरचा समजून घेतो, "बरं बरं, मग नंतर बघू" म्हणतो. कसली अडचण, हे विचारणं असभ्यपणाचं. इंग्रजीत 'देअर इज अ प्रॉब्लेम' म्हटलं की प्रश्न उघडतो. काय झालं? कुणी मदत करू का? आमच्या टीममधल्या एका मुलाने एकदा परदेशातल्या क्लायंटला लिहिलं होतं, 'सम प्रॉब्लेम ॲट होम, वोंट बी अव्हेलेबल टुमॉरो.' घरी फर्निचरवाला यायचा होता, एवढंच. क्लायंटने बिचाऱ्याने काळजीने दोन ईमेल पाठवल्या, एक त्याला आणि एक मॅनेजरला. मुलाला कळेना की हा माणूस एवढा हळवा का झाला.

शब्दाच्या पोटात काय आहे

शब्दकोश उघडला तर 'अडचण'चे अर्थ ओळीने मिळतात. पण ओळीने मिळणं हीच पंचाईत आहे, कारण त्यातला कुठला उचलायचा हे कोश सांगत नाही. तेव्हा अर्थांची यादी पाठ करण्यापेक्षा त्यांच्या मुळाशी असलेलं चित्र ध्यानात ठेवणं सोपं जातं. ते चित्र आहे अरुंद जागेचं. "माळ्यावर फार अडचण झालीय", "कपाटामागे अडचणीत चेंडू गेला", हे अजूनही आपण म्हणतो. जागा अरुंद, सामान भरलेलं, माणूस सहज पलीकडे जाऊ शकत नाही. पुढे जागेच्या ऐवजी पैसा अरुंद झाला, वेळ अरुंद झाला, तरी शब्द तोच राहिला.

हे फक्त मराठीत होतं असंही नाही. 'तंगी'तला 'तंग' म्हणजे अरुंदच. संस्कृतात 'संकट' शब्दाचा एक अर्थ अरुंद, चिंचोळा असा आहे. इंग्रजीतही 'टाइट' हा शब्द कपड्याला, पैशाला, वेळेला आणि 'टाइट स्पॉट' म्हणून संकटाला, सगळीकडे चालतो.

हे चित्र डोळ्यांसमोर असलं की 'अडचण' दिसल्यावर तीन प्रश्न विचारता येतात. काय अरुंद झालंय? कोण अडलंय? आणि वाटेत उभं कोण आहे? इंग्रजी शब्द या तीन उत्तरांवर ठरतो. मराठीला हे तिन्ही एकाच शब्दात गुंडाळायची सवय आहे, इंग्रजीत प्रत्येकाला वेगळी शब्दयोजना लागते.

आधी मराठीतून मराठीत

उत्तरं शोधायची एक युक्ती मला फार उपयोगी पडली. इंग्रजीकडे वळण्याआधी 'अडचण' काढून तिथे दुसरा, जास्त नेमका मराठी शब्द ठेवून बघायचा. चणचण, हरकत, अडथळा, गैरसोय, पाळी. जो शब्द वाक्यात अर्थ न बदलता बसेल, त्याचं इंग्रजी शोधायचं. नेमक्या शब्दाचं इंग्रजी पटकन सापडतं.

'तिकिटाची अडचण नाही.' इथे 'चणचण' बसते. वस्तूला 'ची' लागून अडचण आली की बहुतेक वेळा ती वस्तू कमी असते : पैशाची, जागेची, पाण्याची. म्हणजे मावशी म्हणतेय, तिकिटाचे पैसे माझ्याकडे आहेत, तुम्ही बघू नका. इंग्रजीत : 'डोंट वरी अबाउट द टिकेट.' मूळ वाक्यात काळजी हा शब्द नाही, पण सासू सुनेला जे सांगतेय ते हेच.

'मला हॉलमध्ये झोपायला काही अडचण नाही.' इथे 'हरकत' चपखल बसतं. माणसाला 'ला', पुढे क्रियापदाचं 'यला' रूप, आणि मग अडचण नाही, म्हणजे माझी ना नाही. इंग्रजीत 'आय डोंट माइंड'. माझ्या पहिल्या भाषांतरात 'नो प्रॉब्लेम स्लीपिंग' होतं, आणि त्याचा इंग्रजीत पटकन लागणारा अर्थ 'मला झोप छान लागते' असा आहे :) शिवाय 'हॉल'ही आपला. इंग्लंडमध्ये हॉल म्हणजे दारातून आत आल्यावरचा बोळ. बंगळूरच्या वहिनीला हॉल कळतो, म्हणून मी तो ठेवला. लंडनच्या कुणासाठी लिहीत असतो तर 'लिव्हिंग रूम' केलं असतं, नाहीतर मावशी चपलांच्या स्टँडशेजारी झोपलेली दिसली असती.

इथपर्यंत सोपं होतं. व्याकरण आपल्याला हात धरून नेतं. यापुढे ते हात सोडतं.

एकच रचना, दोन उलटे अर्थ

'माझी अडचण होणार नाही, एवढं मी बघेन.' आणि दोन वाक्यांनंतर, 'त्यांची अडचण होऊ नये.' रचना तीच : माणूस, 'ची', अडचण, होणे. आता बदलून बघा. पहिल्यात 'अडथळा' बसतो, माझा अडथळा होणार नाही. पण 'गैरसोय'ही बसते, माझी गैरसोय होणार नाही एवढं मी बघेन. दुसऱ्यातही तसंच, दोन्ही शब्द व्याकरणाच्या दृष्टीने बिनचूक. म्हणजे 'माझी अडचण' याचा अर्थ 'मला होणारी' असाही होतो आणि 'माझ्यामुळे होणारी' असाही. वाटेत मी अडकलोय, की मीच वाट अडवून उभा आहे? 'ची' हा प्रत्यय त्याबद्दल गप्प बसतो.

मग ठरवायचं कशावरून? बोलणारं कोण आणि कुणाबद्दल, यावरून. मावशीच्या पिढीतली बाई मुलाच्या घरी जाताना 'माझी गैरसोय होऊ देणार नाही' असं सुनेला लिहिणार नाही. स्वतःबद्दल बोलताना ती स्वतःला अडथळ्याच्या जागी ठेवते. तो तिचा नम्रपणा आहे, आणि थोडी भीतीही असेल. आणि विहीणबाईंबद्दल बोलताना ती त्यांना अडथळ्याच्या जागी कधीच ठेवणार नाही, तो अपमान होईल. त्यांच्याबाबतीत ती त्यांची गैरसोय टाळायचं बघणार. म्हणून एकाच रचनेची दोन इंग्रजी वाक्यं झाली. पहिलं : 'आय विल मेक शुअर आय ॲम नॉट इन युअर वे.' दुसरं : 'आय वुडंट वाँट हर टु बी पुट टु एनी ट्रबल.' पहिल्यात वाट मावशी अडवतेय, दुसऱ्यात अडलेल्या विहीणबाई आहेत.

माझ्या पहिल्या भाषांतरात ही दोन वाक्यं बरोबर उलटी पडली होती. मावशी स्वतःची सोय बघणारी आणि वहिनीची आई 'प्रॉब्लेम'. वहिनीचा आवाज उगाच उतरला नव्हता.

जे सॉफ्टवेअरमध्ये आहेत त्यांना हे ओळखीचं वाटेल. एखादं ॲप दुसऱ्या भाषेत नेताना तीच अक्षरं दोन ठिकाणी वेगळ्या अर्थाने आली की घोळ होतो. म्हणून 'गेटटेक्स्ट'च्या फाइलमध्ये मूळ शब्दाच्या वर संदर्भाची एक ओळ देण्याची सोय आहे. आमच्या पत्राची फाइल केली असती तर ती अशी दिसली असती :

```
msgctxt "मावशी, स्वतःबद्दल"
msgid "अडचण"
msgstr "in your way"

msgctxt "मावशी, विहीणबाईंबद्दल"
msgid "अडचण"
msgstr "put to any trouble"
```

फरक एवढाच की सॉफ्टवेअरमध्ये ती वरची ओळ कुणीतरी लिहून दिलेली असते. पत्रात ती ओळ भाषांतर करणाऱ्याने स्वतःच्या मनात लिहायची असते, आणि त्यासाठी मावशी माहीत असावी लागते. शब्द माहीत असून भागत नाही.

पडदा किती जाड ठेवायचा

'गौरींच्या वेळी थोरलीला अडचण आली.' इथे अर्थाबद्दल शंका नाही. सणवार, बाईमाणूस, 'ला अडचण आली', आणि त्यामुळे नैवेद्य दुसरीने केला, म्हणजे पाळी. इथे प्रश्न येतो तो शब्द किती उघड ठेवायचा याचा. इंग्रजीत 'पीरियड' हा साधा, स्वच्छ शब्द आहे आणि मला स्वतःला तोच आवडतो. पाळी आली म्हणून नैवेद्याला हात लावायचा नाही हे मला पटतही नाही. पण पत्र मावशीचं आहे. तिने पडदा घेतलाय, तर तो ओढून काढणारा मी कोण? तेव्हा 'इट वॉज हर टाइम ऑफ द मंथ' असं लिहिलं. इंग्रजीतल्या बायकाही आडून बोलताना असंच म्हणतात, पडदा साधारण तेवढाच जाड. नैवेद्याशी त्याचा संबंध काय, हे वहिनीला समजावायची गरज नव्हती, तिच्या आजोळी हेच चालतं. वाचणारी डच असती तर एक जादा वाक्य घालावं लागलं असतं.

पण हाच शब्द दवाखान्यात आला तर नियम उलटा. समजा एखादी गावाकडची बाई मराठी न कळणाऱ्या डॉक्टरसमोर बसलीय आणि म्हणतेय, "शेवटची अडचण संक्रांतीला आली होती." मध्ये दुभाष्या म्हणून बसलेल्याने 'शी हॅड सम ट्रबल इन जानेवारी' असं सांगितलं तर डॉक्टर पोटदुखी शोधत बसतील. बाळंतपणाची तारीख शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून 280 दिवस मोजून काढतात, म्हणजे त्या एका शब्दावर सगळा हिशेब उभा असतो. तिथे 'लास्ट पीरियड' असंच म्हणायला हवं, आणि दिवस नक्की कुठला हेही बाईला पुन्हा विचारायला हवं. तिथे पडदा धरून बसणं म्हणजे कामात कुचराई.

आणि पत्राची पहिली ओळ, 'या महिन्यात जरा अडचण आहे'? इथे माझी युक्ती चालली नाही. कुठलाच नेमका शब्द बसेना. चणचण म्हणावी तर पुढेच तिकिटाची अडचण नाही असं लिहिलंय. माझ्या आईला फोन केला तर तिला खरं कारण माहीत होतं. ते इथे सांगत नाही, आणि वहिनीलाही सांगितलं नाही. मावशीने मुद्दाम मोघम लिहिलं होतं, तेव्हा भाषांतरही मोघमच हवं. पण घाबरवणारं मोघम नको. 'प्रॉब्लेम' घाबरवतो. 'धिस मंथ डझंट वर्क फॉर मी' हे ऑफिसच्या कॅलेंडरसारखं वाटतं, मावशी मीटिंग पुढे ढकलतेय असं. 'ड्यू टु अनअव्हॉइडेबल सर्कमस्टन्सेस' तर सरकारी नोटीस झाली, 'काही अपरिहार्य अडचणींमुळे'चं ते खरं इंग्रजी. शेवटी लिहिलं : 'धिस मंथ इज अ लिटल डिफिकल्ट फॉर मी.' 'जरा' तिथे आलं, घरगुतीपणा आला, आणि प्रश्नाचं दार लोटलेलंच राहिलं.

माझं मत विचाराल तर भाषांतरातली सगळ्यात मोठी चूक हीच असते. आपल्याला जास्त माहिती असते म्हणून आपण मूळ वाक्यापेक्षा जास्त सांगून टाकतो. अर्थ स्पष्ट करणं हे नेहमीच चांगलं असं नाही. लिहिणाऱ्याने जेवढं झाकलंय तेवढं झाकलेलं ठेवणं हाही अर्थाचाच भाग आहे. ते उघडायचं तर कुणाच्या तरी तब्येतीचा किंवा हक्काचा प्रश्न असावा लागतो, आणि तेव्हाही आधी त्या माणसाला विचारून.

शेवटची ओळ

'तुला काही अडचण असली तर मोकळेपणाने सांग.' ही अडचण कसली? कसलीही. मुद्दाम कसलीही. 'इफ यू हॅव एनी प्रॉब्लेम' हे इंग्रजीत वाकडं लागू शकतं, विशेषतः सासूकडून सुनेला. तिथे 'अडचण'साठी शब्दच न वापरता लिहिलं : 'इफ देअर इज एनीथिंग ॲट ऑल, जस्ट टेल मी.' अडचण गेली, माया राहिली.

सात अडचणी, सात वेगळ्या शब्दयोजना, आणि शेवटच्या मसुद्यात 'प्रॉब्लेम' एकदाही नाही. दुसरं भाषांतर रविवारी दुपारी पाठवलं, आधीच्या गोंधळाची माफी मागून. वहिनीने लगेच काही लिहिलं नाही. संध्याकाळी मावशीसाठी इंग्रजीत उत्तर आलं आणि खाली मला सूचना, याचं मराठी करून मावशींना पाठव.

त्यात एक वाक्य होतं : 'यू विल नेव्हर बी इन द वे.' मी सवयीने लिहिलं, "तुमची अडचण कधीच होणार नाही." आणि थांबलो. इंग्रजीत हे प्रेमाचं वाक्य आहे. मराठीत सुनेने सासूला असं लिहिलं की अडचण हा शब्द कागदावर येतो आणि तिथेच राहतो, 'नाही' त्याला पुसू शकत नाही. मावशीने तो स्वतःसाठी वापरला तर नम्रपणा, सुनेने वापरला तर टोचणी.

शेवटी "तुम्ही घरात असलात की मला धीर येईल" असं लिहिलं. वहिनीला फोन करून त्याचा इंग्रजी अर्थ सांगितला आणि विचारलं, चालेल का? ती म्हणाली, "मला हेच म्हणायचं होतं."

असो. मावशी ऑक्टोबरमध्ये गेली. हॉलमध्ये झोपायला मात्र कुणी तिला दिलं नाही. आतल्या खोलीत दोन्ही विहिणी, आणि हॉलमध्ये दादा.